हप्त्याने फी : जादा किती घ्यावेत?

क्लासची वर्षाची फी साठ हजार. एकरकमी भरली तर तेवढीच, हप्त्याने भरली तर तीन हजार जास्त. पाच टक्केच तर आहेत, असं पालकांना वाटतं आणि क्लासचालकालाही. पण हिशोब तसा नाही.

वीस हजार प्रवेशाच्या दिवशीच हातात येतात. मागे राहिलेले चाळीस हजार तीन महिने थकतात, त्यानंतरचे वीस हजार आणखी तीन महिने. महिना एक टक्का, म्हणजे वर्षाला बारा टक्के धरले तर व्याज होतं बाराशे अधिक सहाशे, एकूण अठराशे. तीन हजार घेणं म्हणजे वर्षाला वीस टक्के दर लावणं. बँकेचं वैयक्तिक कर्जही बऱ्याचदा याहून स्वस्त पडतं.

हप्ते बुडण्याची भीती खरी आहे. मुलं अर्ध्यावर क्लास सोडतात. पण त्याचा भार वेळेवर भरणाऱ्यांवर टाकणं मला पटत नाही. त्यापेक्षा पहिला हप्ता तीस हजारांचा ठेवा. मग उरलेल्या पंधरा-पंधरा हजारांवर त्याच दराने साडेतेराशेच होतात. क्लास जीएसटीत नोंदलेला असेल तर या जादा रकमेवरही अठरा टक्के कर लागतो. पालकांनो, पावतीवर मूळ फी, जादा रक्कम आणि कर वेगवेगळे लिहून मागा.