थेट शेअर्ससाठी किती रक्कम ठेवायची? एक साधं गणित



आपल्यापैकी बऱ्याच जणांची म्युच्युअल फंडात एसआयपी चालू असते. दोन-तीन वर्षं ती चालली, रक्कम थोडी वाढलेली दिसली की पुढचा प्रश्न येतोच : आता थोडे शेअर्स स्वतः निवडून घ्यावेत का? घ्यायचे तर किती रुपयांचे? कोणी पाच टक्के सांगतं, कोणी वीस, कोणी म्हणतं निम्मे. पण हा आकडा कशावरून काढायचा, हे सहसा कोणी सांगत नाही. आज आपण तेवढंच एक गणित सोडवू. कोणते शेअर घ्यावेत हा आजचा विषय नाही.

आधी एकूण रक्कम ठरवू

टक्केवारी शिकवताना आपण मुलांना पहिला प्रश्न विचारतो, "कशाचे टक्के?" इथेही तेच विचारायचं.

समजा, एक शिक्षक दांपत्य आहे. त्यांच्याकडे सोळा लाख रुपये आहेत. त्यातले तीन लाख अडीअडचणीसाठी बँकेत मुदत ठेवीत आहेत. मुलगी नववीत आहे. तिच्या बारावीनंतरच्या प्रवेशासाठी चार लाख वेगळे ठेवले आहेत. उरलेले नऊ लाख निवृत्तीसाठी इक्विटी फंडात आहेत आणि त्यात दरमहा ८,००० रुपयांची एसआयपी जाते.

थेट शेअर्सचा वाटा काढायचा तो फक्त या नऊ लाखांतून. सोळा लाखांचे दहा टक्के धरले तर आकडा १,६०,००० येतो, नऊ लाखांचे धरले तर ९०,०००. दोन्हींत सत्तर हजारांचा फरक पडतो. अडीअडचणीचे पैसे आणि पाच वर्षांच्या आत लागणारे पैसे या हिशोबात धरायचेच नाहीत. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत लागलेल्यांचे एनपीएसमधले पैसेही बाजूला ठेवा, कारण ते आज आपल्या हातात नाहीत.

एका शेअरचं पडणं आणि फंडाचं पडणं

२०२० सालची दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून बघू.

येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने त्या बँकेवर निर्बंध घातले आणि दुसऱ्या दिवशी शेअर वीस रुपयांच्या खाली बंद झाला. म्हणजे ज्याने चाळीस हजार देऊन शंभर शेअर घेतले होते, त्याच्याकडे दोन हजारसुद्धा उरले नाहीत. पुढची कित्येक वर्षं तो शेअर जुन्या भावाच्या जवळपासही गेला नाही.

त्याच मार्चमध्ये कोरोनामुळे निफ्टी ५० निर्देशांकही कोसळला. जानेवारीत तो बारा हजारांच्या वर होता, २३ मार्चला ७,६१० वर आला. घसरण अडतीस टक्क्यांच्या आसपास होती. पण नोव्हेंबरपर्यंत त्याने जानेवारीची पातळी पुन्हा गाठली.

हा फरक का पडला? त्याच महिन्यात येस बँकेला निफ्टी ५० मधून काढून तिच्या जागी श्री सिमेंटला घेतलं गेलं. निर्देशांक नापास झालेल्याला बाहेर काढतो आणि दुसऱ्याला आत घेतो. इंडेक्स फंड असेल तर हे काम आपोआप होतं. आपल्या डिमॅट खात्यात मात्र ते आपल्यालाच करावं लागतं, आणि "खरेदीच्या भावाला आला की विकू" म्हणत बहुतेक जण ते करतच नाहीत. कधी कधी तर शून्यच उरतो. डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा २०२१ मध्ये तिचे शेअर बाजारातून काढून टाकले गेले आणि भागधारकांच्या हाती काहीच आलं नाही.

म्हणून थेट शेअर्सचा हिशोब करताना "निम्मी रक्कम गेली तर?" असं धरून चालायचं. चार कंपन्यांत सारखी रक्कम असताना एक पूर्ण बुडाली आणि दोन निम्म्यावर आल्या, तर ते सहज होऊ शकतं.

नुकसान महिन्यांत मोजा

"पंचेचाळीस हजारांचं नुकसान" म्हटलं की ते लहान की मोठं हे कळत नाही. म्हणून ते आपल्या बचतीच्या महिन्यांत बदलून बघू.

वरच्या दांपत्याने ९०,००० शेअर्समध्ये ठेवले आणि निम्मे गेले, तर ४५,००० गेले. दरमहा ८,००० बचत होते, म्हणजे साधारण साडेपाच महिन्यांची बचत गेली. वाईट वाटेल, पण निवृत्तीची योजना हलणार नाही.

आता त्यांनी निम्मा भाग, म्हणजे साडेचार लाख शेअर्समध्ये ठेवले असं समजा. निम्मे गेले तर २,२५,००० गेले, म्हणजे अठ्ठावीस महिन्यांची बचत. सव्वादोन वर्षांहून जास्त काळ फक्त खड्डा भरण्यात जाईल. शिवाय अशा वेळी मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेल्या चार लाखांकडे हात जाण्याची भीती असते.

यावरून एक सोपा नियम निघतो. निम्मं नुकसान सहा महिन्यांच्या बचतीत भरून निघावं, असं ठरवलं तर शेअर्सची रक्कम बारा महिन्यांच्या बचतीपेक्षा जास्त नको. इथे ८,००० गुणिले १२ म्हणजे ९६,०००. दुसरी मर्यादा दीर्घकालीन रकमेच्या दहा टक्क्यांची, म्हणजे ९०,०००. दोन्हींपैकी जी लहान ती आपली. या घरासाठी उत्तर नव्वद हजार. सहा महिने आणि दहा टक्के हे काही कायद्यातले आकडे नाहीत. कर्जाचे हप्ते जास्त असतील किंवा घरात एकच पगार असेल, तर सहाच्या जागी तीन महिने धरा.

फायद्याची बाजूही मांडू

समजा, फंडातून वर्षाला ११ टक्के मिळाले आणि आपण निवडलेल्या शेअर्सनी १५ टक्के दिले. सातत्याने चार टक्के जास्त मिळवणं मोठमोठ्या जाणकारांनाही जड जातं, तरी धरू. नव्वद हजारांवर चार टक्के म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये जास्त. त्यासाठी आठवड्याला चार तास ताळेबंद, तिमाही निकाल वाचण्यात घातले, तर वर्षाचे साधारण दोनशे तास होतात. तासाला अठरा रुपये!

म्हणून ही रक्कम लवकर श्रीमंत होण्यासाठी नाही. वाचायची, समजून घ्यायची आवड असेल तरच ती ठेवा. आवड नसेल तर उत्तर शून्य टक्के, आणि तेही पूर्ण बरोबर उत्तर आहे.

तोच शेअर दोनदा घेतोय का?

पुष्कळ जण पहिला शेअर घेतात तो एचडीएफसी बँक किंवा रिलायन्स. नावं ओळखीची असतात. पण आपल्या फंडाच्या मासिक पत्रकात पहिल्या दहा कंपन्यांची यादी असते, ती आधी बघा. २०२३ च्या विलीनीकरणानंतर एचडीएफसी बँकेचा निफ्टी ५० मधला वाटा दहा टक्क्यांच्या वर गेला. तुमचे ८,१०,००० निफ्टी इंडेक्स फंडात असतील आणि हा वाटा दहा टक्के धरला, तर एक्क्याऐंशी हजारांची एचडीएफसी बँक तुमच्याकडे आधीच आहे. वर आणखी तीस हजारांची घेतली, तर एकाच कंपनीत १,११,००० झाले. कागदावर शेअर्सचा वाटा दहा टक्के दिसतो, पण प्रत्यक्षात नऊ लाखांतला बारा टक्क्यांहून जास्त भाग एकाच बँकेवर अवलंबून राहतो. म्हणून फंडातला वाटा आणि थेट वाटा यांची बेरीज करूनच खरेदी ठरवा.

रक्कम भरताना आणि नंतर

एसआयपी बंद करून शेअर्स घेऊ नका. नव्वद हजार एकदम न घालता दरमहा पाच हजारांप्रमाणे अठरा महिन्यांत भरा. कंपन्या चार-पाच पुरे, एकीत वीस हजारांहून जास्त नको. फार लहान तुकडेही नकोत, कारण विकताना प्रत्येक कंपनीमागे डिमॅटचं ठरावीक शुल्क लागतं आणि हजार-दोन हजारांच्या विक्रीवर ते जाणवतं. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर लागतो. वर्षानंतर विकल्यास १२.५ टक्के, तोही वर्षातला एकूण नफा सव्वा लाखाच्या वर गेला तर. ही सव्वा लाखाची सूट शेअर्स आणि इक्विटी फंड दोन्हींना मिळून आहे.

सगळ्यात जास्त गडबड होते ती भाव पडल्यावर. नव्वदचे साठ हजार झाले की फंडातून तीस हजार काढून "सरासरी कमी करू" असं वाटतं. तसं केलं की मर्यादेला अर्थच उरत नाही. घातलेली रक्कम नव्वद हजार, हा आकडा वहीत तारखेसह लिहा. तो भरला की फंडातून एक रुपयाही इकडे आणायचा नाही. उलट शेअर्स वाढून वाटा पंधरा टक्क्यांच्या वर गेला, तर दरवर्षी मार्चमध्ये वरचा भाग विकून फंडात टाका. फ्युचर्स-ऑप्शन्स या रकमेत बसत नाहीत. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात, तीन वर्षांत त्यात व्यवहार करणाऱ्या शंभर वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तोटा झालेला दिसला. शिवाय शासकीय सेवेच्या वर्तणूक नियमांत सट्ट्याला मनाई आहे आणि वारंवार खरेदी-विक्री सट्ट्यातच धरली जाते.

आपली निवड पास की नापास?

घरच्या वहीऐवजी एक्सेलमध्ये एका रकान्यात तारखा आणि दुसऱ्यात रकमा लिहा. खरेदीची रक्कम वजा चिन्हाने, मिळालेला लाभांश अधिक चिन्हाने आणि शेवटच्या ओळीत आजची किंमत. मग हे सूत्र घाला :

```
=XIRR(B2:B20, A2:A20)
```

आता त्याच तारखांना तेवढीच रक्कम निफ्टी इंडेक्स फंडात घातली असती तर काय झालं असतं, हेही शेजारी मांडा. एका वर्षाच्या फरकावरून काही ठरवू नका, त्यात नशिबाचा भाग मोठा असतो. पाच वर्षांनी आपला आकडा फंडापेक्षा कमी असेल, तर नवीन शेअर घेणं थांबवा आणि आहेत ते कराचा हिशोब बघून हळूहळू फंडात वळवा. जास्त असेल तरीही मर्यादा दहा टक्क्यांचीच ठेवा. एकूण रक्कम आणि दरमहाची बचत वाढेल तसे तेच टक्के रुपयांत आपोआप वाढत जातील.

आज संध्याकाळी कागदावर तीनच आकडे लिहा : दीर्घकालीन फंडातली रक्कम, दरमहाची बचत आणि फंडाच्या यादीतल्या पहिल्या तीन कंपन्या. शेअर्ससाठीची रक्कम पहिल्या दोन आकड्यांतून निघेल आणि कोणत्या कंपनीपासून सुरुवात करायची नाही, हे तिसऱ्यातून कळेल.