दहा दिरहमांच्या आतली चोरी

हनफी कायद्यात दहा दिरहमांहून कमी किमतीच्या चोरीला हात तोडण्याची ठरीव शिक्षा लागत नसे. म्हणून चोर मोकळा सुटे असं नाही. मग काझी स्वतःच्या विवेकाने शिक्षा ठरवी. हीच ताझीर.

तिलाही लगाम होता. गुलामाला ठरीव फटके किमान 40, म्हणून अबू हनीफांनी ताझीरची कमाल मर्यादा 39 ठेवली.

गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही पाहिला जाई. बाराव्या शतकातल्या कासानींनी तर पायऱ्याच पाडल्या. सर्वांत थोरांना काझीचा माणूस नुसता निरोप देई: ‘तुम्ही असं केल्याचं कानावर आलंय.’ त्याखालच्यांना काझीच्या दारात यावं लागे. मधल्यांना कैद आणि तळाच्यांना कैदेसोबत मार! आज हा उघड पक्षपातच वाटतो. पण औरंगजेबाच्या काळात संकलित झालेल्या ‘फतावा-ए-आलमगिरी’तही ही उतरंड आहे.