अमेरिकेचे यादवी युद्ध आणि आपल्या संविधानातील कलम १५

नाशिक जिल्ह्यातील गावांमध्ये काम करताना एक वाक्य आम्हाला वारंवार ऐकू येते. न्हाव्याने केस कापायला नकार दिला, हॉटेलवाल्याने चहा वेगळ्या कपात दिला, अशी तक्रार घेऊन गेलो की कोणीतरी समजूतदारपणे सांगतो, "दुकान त्याचं आहे. कोणाला बसू द्यायचं ते तोच ठरवणार. यात सरकारचा काय संबंध?" ऐकणाऱ्यांपैकी काहींना ते पटतेही. या प्रश्नाला आपल्या संविधानात स्पष्ट उत्तर आहे. ते तिथे का आले, हे समजून घ्यायचे तर आधी अमेरिकेच्या इतिहासात डोकवावे लागते.

अमेरिकेतील गुलामगिरीचा लढा महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केले. तेव्हा ते युद्ध संपून जेमतेम आठ वर्षे झाली होती. पुढे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. फुल्यांनी त्या लढ्यातून प्रेरणा घेतली, तर बाबासाहेबांनी तो कुठे अपुरा पडला याचीही तपासणी केली.

अमेरिकेचे संविधान १७८७ साली तयार झाले. त्यात 'गुलाम' हा शब्द नव्हता, पण गुलामगिरीला संरक्षण होते. लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरली जात. त्यामुळे दक्षिणेतील मालकांच्या राज्यांना संसदेत जास्त जागा मिळत आणि ज्यांच्या नावावर त्या जागा मिळत त्यांना मत मात्र नव्हते. पुढे १७९१ साली मूलभूत हक्कांची सनद जोडली गेली, पण ती केंद्र सरकारपुरतीच होती. एखाद्या राज्याने माणसाचे भाषणस्वातंत्र्य हिरावले तर केंद्र त्यात पडू शकत नव्हते. १८३३ साली सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्टच सांगितले. थोडक्यात, माणसाला कोणते हक्क मिळणार हे तो कोणत्या राज्यात राहतो यावर ठरत होते.

१८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलाम माणसाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, मग ते मुक्त असोत की गुलाम, अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत, असा निकाल आला. त्यावेळी देशात जवळपास चाळीस लाख माणसे गुलामीत होती.

हे युद्ध गुलामगिरीसाठी झाले नाही, राज्यांच्या अधिकारांसाठी झाले, असे आजही सांगितले जाते. दक्षिणेच्या राज्यांनी फुटून निघताना काढलेली जाहीर पत्रके वाचली की हा दावा टिकत नाही. डिसेंबर १८६० मध्ये सर्वात आधी बाहेर पडलेल्या साउथ कॅरोलायनाची मोठी तक्रार अशी होती, की उत्तरेची राज्ये पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा केंद्राचा कायदा पाळत नाहीत. म्हणजे राज्यांनी केंद्राचे ऐकलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मिसिसिपीच्या पत्रकात तर आपली बाजू गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली असल्याचे उघड म्हटले होते. माणसाला मालमत्ता म्हणून ठेवण्यासाठी केंद्राची मदत झाली तर केंद्र हवे, अडचण झाली तर राज्याचा अधिकार हवा, असा हा व्यवहार होता.

अशी अकरा राज्ये फुटली. एप्रिल १८६१ ते एप्रिल १८६५ अशी चार वर्षे युद्ध चालले आणि सहा लाखांहून अधिक माणसे त्यात गेली. १ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर भागातील गुलामांना मुक्त जाहीर केले. पण ही मुक्ती वरून दान म्हणून आलेली नव्हती. गुलाम माणसे मळे सोडून उत्तरेच्या सैन्याकडे पळत होती आणि सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक बंदूक घेऊन लढले.

युद्धानंतर संविधानात तीन दुरुस्त्या झाल्या. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने देशात जन्मलेल्या माणसाला देशाचा नागरिक केले आणि कोणतेही राज्य त्याला कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही, असे बंधन घातले. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंशावरून मताचा हक्क नाकारण्यास मनाई केली. शिवाय प्रत्येक दुरुस्तीच्या शेवटी, ती अमलात आणण्यासाठी केंद्रीय संसद कायदे करू शकेल, असे वाक्य होते. अमेरिकेच्या संघराज्याचा खरा कायापालट इथे झाला. पहिल्या दुरुस्त्यांनी केंद्राचे हात बांधले होते, या दुरुस्त्यांनी माणसाच्या बाजूने ते मोकळे केले. नागरिकत्व आता राज्याच्या मर्जीवर राहिले नाही.

ही गरज लगेच दिसून आली होती. १८६५ च्या अखेरीस गुलामगिरी कागदावर संपताच मिसिसिपीने नवे कायदे केले. काळ्या मजुराने दर जानेवारीत कामाचा पुरावा दाखवायचा, नाही तर भटक्या म्हणून दंड भरायचा, आणि दंड भरता आला नाही तर जो तो भरेल त्याच्याकडे राबायचे. मालकी गेली, वेठ उरली. ज्यांच्या आजोबांनी गावकी आणि महारकी पाहिली, त्यांना हा डाव वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चौदाव्या दुरुस्तीत बंधन कोणावर आहे? राज्यावर. दुकानदार, हॉटेलमालक, रेल्वे कंपनी यांचा तिथे उल्लेख नाही. म्हणून केंद्रीय संसदेने १ मार्च १८७५ रोजी कायदा केला, की खानावळी, नाटकगृहे आणि प्रवासाची साधने सर्वांना सारखी खुली राहतील. तो मोडल्याचे पाच खटले सर्वोच्च न्यायालयात एकत्र चालले. त्यातील एक टेनेसी राज्यातला होता. सॅली रॉबिन्सन या काळ्या महिलेकडे पहिल्या वर्गाचे तिकीट होते, तरी रेल्वेच्या कंडक्टरने तिला महिलांच्या डब्यात जाऊ दिले नाही.

१८८३ साली आठ विरुद्ध एक अशा मताने निकाल लागला. न्यायालय म्हणाले, दुरुस्ती राज्याला रोखते, खासगी माणसाला नाही. कंडक्टरने केलेला अपमान म्हणजे राज्याचे कृत्य नव्हे. म्हणून १८७५ च्या कायद्यातील ही कलमे रद्द झाली. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत नोंदवले. रेल्वे आणि खानावळी लोकांसाठी परवान्यावर चालतात, तेव्हा त्या निव्वळ खासगी राहत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. "दुकान त्याचं, मर्जी त्याची" हा युक्तिवाद त्या दिवशी तिथे कायदा झाला. त्यानंतर असे दरवाजे सक्तीने उघडणारा केंद्रीय कायदा यायला १९६४ साल उजाडले, आणि तोही राज्याराज्यांतील व्यापाराच्या अधिकाराचा आधार घेऊन करावा लागला.

आपल्याकडे अस्पृश्यता राबवणारा हात बहुतेक वेळा शेजाऱ्याचाच होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून चवदार तळे खुले केले होते. तरीही १९२७ साली पाणी प्यायलेल्यांवर हल्ला झाला. २ मार्च १९३० रोजी आपल्या नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हाही दरवाजे सनातन्यांनी बंद केले होते. अशा समाजात फक्त सरकारला बांधणारा हक्क म्हणजे अर्धा हक्क.

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीने त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन संविधान सभेसाठी तयार केले. त्यात आधार म्हणून अमेरिकेची चौदावी दुरुस्ती आहे, तसेच १८६६ आणि १ मार्च १८७५ चे नागरी हक्कांचे कायदेही आहेत. जो कायदा अमेरिकन न्यायालयाने मोडीत काढला, त्यातला आशय ते थेट संविधानात मागत होते. साधा कायदा संविधानाशी विसंगत ठरवून रद्द करता येतो. तोच आशय संविधानात असेल तर तसे करता येत नाही.

आज कलम १५ चा दुसरा भाग वाचा. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, तसेच सार्वजनिक विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्या बाबतीत जातीवरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध येणार नाही, असे तो सांगतो. इथे राज्यापुरती मर्यादा नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत 'दुकान' शब्दाचा प्रश्न निघाला, तेव्हा बाबासाहेबांनी तो व्यापक अर्थाने घेतला आहे, सेवा देणारेही त्यात येतात, असे स्पष्ट केले. न्हावी आणि धोबी त्यात आले. कलम १७ ने अस्पृश्यता पाळणे गुन्हा ठरवले, मग पाळणारा कोणीही असो. आणि कलम ३५ ने या गुन्ह्याची शिक्षा ठरवण्याचा अधिकार संसदेला दिला, राज्यांच्या विधिमंडळांना नाही.

संघराज्याबाबतही हाच धडा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेब म्हणाले होते, की राज्यांना फुटून निघण्याचा हक्क नाही हे ठरवायला अमेरिकेला यादवी युद्ध करावे लागले. ते आपण आधीच स्पष्ट केलेले बरे. म्हणून आपला देश 'राज्यांचा संघ' आहे आणि नागरिकत्व एकच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "दुकान त्याचं आहे" म्हणाले तर उत्तर तयार ठेवा. १९५५ चा कायदा आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. त्यातील कलम ४ दुकान, हॉटेल आणि पाणी यांबाबत आहे, तर कलम ६ सेवा नाकारण्याबाबत आहे. हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. कलम १२ प्रमाणे, ज्याच्याबाबत ते कृत्य झाले तो अनुसूचित जातीचा असेल तर ते अस्पृश्यतेतूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते आणि तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे असते. १९९० पासून अनुसूचित जातींतील बौद्धही त्यात येतात. तक्रार लिहिताना तारीख, वेळ, नकाराचे नेमके शब्द आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला सेवा मिळाली हे जरूर नोंदवा. भेदभाव दाखवून देणारी हीच ओळ बहुतेक तक्रारींत राहून जाते.

जय भीम.