परदेशातला भाऊ पैसे पाठवतो, तरी घरात धुसफूस का होते?

सांगलीतल्या एका घराचं उदाहरण घेऊ. आई ७९ वर्षांच्या, स्मृतिभ्रंशाच्या मधल्या टप्प्यात. थोरला मुलगा आणि सून त्यांच्यासोबत राहतात. मुलगी पुण्यात, धाकटा मुलगा न्यू जर्सीत. धाकटा दरमहा ३० हजार रुपये पाठवतो. दिवसाच्या १२ तासांसाठी मदतनीस बाई येतात, त्यांचे रोजचे ७०० रुपये धरले तर २६ दिवसांचे १८,२०० होतात. औषधं आणि डायपर मिळून ८,०००. एकूण २६,२००. म्हणजे सगळा खर्च धाकटाच उचलतो आणि वर काही उरतंही. त्यामुळे ‘माझं काय चुकतंय?’ हा त्याचा प्रश्न वरवर बरोबर वाटतो.

आता दुसरा हिशेब. मदतनीस बाई रात्री आठला घरी जातात. त्यानंतरचं जेवण, रात्री दोन-तीनदा उठणं, चादर बदलणं, पहाटेची तोंडधुणी यात रोजचे तीन तास तरी जातात, म्हणजे महिन्याचे ९०. चार रविवारी बाईंची सुट्टी, त्याचे ४८ तास. डॉक्टर आणि रक्ततपासणीचे सहा. झाले १४४ तास. यातले बहुतेक वहिनींच्या वाट्याला येतात. ज्येष्ठांच्या पालनपोषणाच्या २००७च्या कायद्यात मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर जबाबदारी आहे, परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांवरही आहे. सुनेवर नाही. भावंडांच्या भांडणात जिचं नावही निघत नाही, तीच बहुधा सर्वांत जास्त थकलेली असते.

अनेक घरांत या तासांचे पैसे लावून पाहिले जातात. बाईंच्या दराने १४४ तासांचे जेमतेम ८,४०० रुपये होतात. हा आकडा समोर आला की भांडण मिटत नाही, उलट चिघळतं. कारण गेलेली झोप आणि दोन वर्षं न झालेलं माहेरपण या दरात कुठेच बसत नाही. त्यामुळे तासांची भरपाई पैशांत न करता तास कमी करण्यात करावी, हे बरं. सांगलीच्या घरात उरलेल्या ३,८०० रुपयांतून रविवारची दुसरी बाई ठेवली तर २,८०० लागतात आणि वहिनींचे ४८ तास लगेच सुटतात. धाकट्याने थोडी रक्कम वाढवली तर आठवड्यातल्या दोन रात्रींसाठीही कुणी ठेवता येतं.

काही कामं परदेशातूनही पूर्ण करता येतात : औषधं संपण्याआधी मागवणं, विम्याच्या दाव्याची कागदपत्रं, बाई आली नाही तर ब्युरोला फोन. सांगलीत रात्रीचे दोन वाजलेले असतात तेव्हा न्यू जर्सीत दुपारचे साडेतीन किंवा साडेचार असतात. रात्रीची बाई न सांगता गैरहजर राहिली, तर फोनाफोनी त्याने करावी. मात्र काम त्याच्याकडे दिलं की पूर्णपणे द्यावं. ‘दादा, तेवढं बघ ना’ असा निरोप परत सांगलीला आला, तर काहीच वाटलं गेलं नाही.

गैरसमजाचं एक मोठं कारण व्हिडिओ कॉल. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण थोडा वेळ, विशेषतः आवडत्या माणसासमोर, नीट बोलू शकतात. आई दहा मिनिटं हसतात, नातवाचं नाव घेतात. फोन ठेवल्यावर तासाभराने सुनेला ‘तू कोण?’ विचारतात. धाकट्याला वाटतं दादा वाढवून सांगतो. दादाला वाटतं हा आपल्याला खोटं ठरवतो. यावर उपाय म्हणजे रोज दोन ओळींची नोंद : किती वेळा उठल्या, काय खाल्लं, कुठे चिडल्या.

लांबचं माणूस अचानक येऊन उपचारांचा आग्रह धरतं, हे भारतातच घडतं असं नाही. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांनी याला ‘कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी’ असं नाव दिलं. त्यामुळे धाकट्याच्या वार्षिक भेटीचा उपयोग पाहुणचारासाठी होऊ नये. पहिले दोन दिवस त्याने वहिनींसोबत सगळं शिकून घ्यावं, मग रात्री स्वतःकडे घ्याव्यात आणि दादा-वहिनींनी आठ दिवस बाहेर जावं. नुसती विश्रांतीची सोय म्हणून हे नाही. त्या आठ रात्रींनंतर वाद आपोआप कमी होतात.

शेवटचा काटा घराचा. आईंच्या नावावरचं घर मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार तिन्ही भावंडांत समान वाटलं जातं. कुणी किती केलं, याचा तिथे विचार होत नाही. (वडील हयात असतील तर त्यांचाही वाटा.) आईंना सेवेचं मोल वेगळं ठरवायचं असेल, तर ते त्यांची समज शाबूत असतानाच दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्रात लिहावं लागतं. नोंदणी सक्तीची नाही, पण स्मृतिभ्रंशाचं निदान असेल तर त्या दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलेलं बरं. आणि धाकट्याला हे मृत्युपत्रातून प्रथम कळू नये. आईंनी ते तिघांसमोर सांगितलेलं असावं.