सात हजारांचं काय झालं?

नाशिकमधला एक घरगुती मसाल्यांचा उद्योग डोळ्यांसमोर आणू. काळा मसाला, गोडा मसाला, दोन-तीन चटण्या. दुकान नाही, सगळी विक्री व्हॉट्सअ‍ॅपवर. मालकीणबाई आठवड्याला सात हजार रुपये फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या जाहिरातींवर घालतात. जाहिरातीवर बोट ठेवलं की थेट त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपची खिडकी उघडते. जाहिराती सांभाळायला एक मुलगा ठेवलाय, तो दर सोमवारी बारा पानांची पीडीएफ पाठवतो. रंगीत आलेख, रीच, इम्प्रेशन्स, लाइक्स. बाई ती उघडतात, वर-खाली करतात आणि मसाला भाजायला जातात. सात हजारांचं काय झालं, हे त्यांना त्या बारा पानांत कुठेही सापडत नाही.

असे अहवाल मी बरेच पाहिले आहेत. त्यांत खोटं काही नसतं. फक्त ते जाहिरात चालवणाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरं देतात, पैसे घालणाऱ्याच्या नाही. मालकाचा पहिला प्रश्न एकच असतो: पैसे परत आले का? साप्ताहिक गोषवारा तिथूनच सुरू व्हायला हवा.

त्यासाठी आधी एक आकडा काढून ठेवावा लागतो आणि तो मालकाच्या वहीतूनच निघतो. आपल्या उदाहरणात एक ऑर्डर सरासरी ९०० रुपयांची आहे. मिरची, खोबरं, गरम मसाला, दळण, मजुरी आणि पिशव्या मिळून ४८० जातात, कुरिअरला ९०. उरले ३३०. एक ऑर्डर मिळवायला जाहिरातीवर ३३० रुपयांपेक्षा जास्त गेले, तर ती ऑर्डर तोट्यात गेली. ही मर्यादा गोषवाऱ्याच्या माथ्यावर कायम लिहिलेली असावी. मिरचीचा भाव चढला की ती बदलायची.

आता मागच्या आठवड्याचा हिशेब. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये Amount spent या रकान्यात ७,००० दिसतात. पण भारतात या खर्चावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि त्या रकान्यात तो धरलेला नसतो. म्हणजे खिशातून गेले ८,२६०. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे, त्यांना हा कर परताव्याच्या हिशेबात घेता येतो. या बाईंची नोंदणी नाही, म्हणून त्यांच्यासाठी खर्च ८,२६०च.

शेजारच्या Results रकान्यात १४० आहेत. ही विक्री नाही. जाहिरातीवरून १४० जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं सुरू केलं, इतकाच त्याचा अर्थ. त्याआधीच्या आठवड्यात तेवढ्याच पैशांत असे १०० जण आले होते. म्हणजे एका संभाषणाचा दर ७० रुपयांवरून ५० वर आला, आणि पीडीएफमध्ये हिरवा बाण लागला. वहीत मात्र वेगळं दिसतं. आदल्या आठवड्यात ३२ ऑर्डरी होत्या, या आठवड्यात २८. जाहिरातीचा खर्च दर ऑर्डरमागे २५८ रुपयांवरून २९५ वर गेला. अजून ३३० च्या आत आहे, पण सगळा आठवडा खपून हातात उरले जेमतेम ९८० रुपये. आदल्या आठवड्यात २,३०० उरले होते.

चार ऑर्डरी कमी झाल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. तीसच्या आसपासच्या आकड्यात चार-पाचाचा चढउतार नुसत्या योगायोगानेही होतो. म्हणून गोषवाऱ्यात मागच्या चार आठवड्यांची सरासरी शेजारी ठेवावी. पण विचारणारे चाळीसने वाढले आणि घेणारे कमी झाले, तर तिथे थांबून पाहायलाच हवं.

पाहायचं कसं? व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये जाहिरातीवरून आलेल्या संभाषणाच्या माथ्यावर सहसा ती जाहिरातच दिसते. ऑर्डर पक्की झाली की वहीत नावापुढे जाहिरातीची खूण करायची: जुनी असेल तर ‘जु’, नवी असेल तर ‘न’. एवढ्या खुणेनं चित्र स्पष्ट झालं. जुन्या जाहिरातीत पुडा, वजन आणि किंमत दिसते. तिच्यावर ४,२०० खर्च झाले, ६० जण आले, २२ जणांनी घेतलं. करासकट दर ऑर्डरमागे २२५ रुपये. नवी रील मिसळीवर तर्री ओतल्याची आहे, सुंदरच आहे, पण तिच्यात किंमत कुठेच नाही. तिच्यावर २,८०० खर्च झाले, ८० जण आले आणि घेतलं फक्त सहा जणांनी. दर ऑर्डरमागे ५५१ रुपये! बाकीच्यांपैकी बहुतेकांनी ‘कितीला?’ विचारलं आणि उत्तर वाचून गप्प बसले.

आणखी एक गोष्ट इथे कळते. यंत्रणेला आपण ‘संभाषणं आणून दे’ असं सांगितलेलं असतं, त्यामुळे स्वस्तात संभाषणं देणाऱ्या रीलकडे ती पैसे वळवत राहते. तिचं काम ती चोख करते. मसाला विकला गेला की नाही, हे तिला कोणी कळवलेलंच नसतं. रील तशीच चालू राहिली असती, तर पुढच्या आठवड्यात हिरवा बाण आणखी उंच गेला असता आणि तोटाही.

आता हे सगळं मालकीणबाईंना किती शब्दांत सांगायचं? फोनच्या एका पडद्यावर मावेल इतक्याच. मी असं लिहीन:

‘सोमवार ते रविवार. जाहिरातीवर करासकट ८,२६० गेले, जाहिरातीवरून २८ ऑर्डरी आल्या. दर ऑर्डरमागे २९५ रुपये, आपली मर्यादा ३३०. सगळा खर्च जाऊन ९८० उरले, आदल्या आठवड्यात २,३०० उरले होते. कारण: मिसळीच्या रीलवरून ८० जण आले, पण घेतलं सहाच जणांनी. रील आज थांबवतो. तिच्यात किंमत आणि वजन टाकून पुन्हा लावू का, एवढं सांगा.’

शेवटी एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही. रीच, इम्प्रेशन्स, तोच माणूस जाहिरात किती वेळा पाहतोय, हे आकडे निरुपयोगी नाहीत. खर्च का वाढला ते शोधताना लागतात. पण ते जाहिरात सांभाळणाऱ्याच्या वहीत राहू द्यावेत.

हा गोषवारा सोमवारी लिहू नये, असं माझं मत आहे. शनिवारी विचारणारी गृहिणी घरच्यांशी बोलून मंगळवारी पैसे पाठवते. ती ऑर्डर ज्या आठवड्यात बोलणं सुरू झालं त्याच आठवड्यात धरायची, म्हणून बुधवारी लिहावं. त्यानंतरही एखादी ऑर्डर आली, तर मागचा आकडा सुधारून तसं स्पष्ट लिहावं. जुनी गिऱ्हाइकं, जी जाहिरात न पाहता दर दोन महिन्यांनी मसाला मागवतात, त्यांची विक्री निराळ्या ओळीत हवी. ती जाहिरातीच्या खात्यात मिसळली, तर वाईट जाहिरातही चांगली दिसते. पण जाहिरातीवरून आलेलं गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा परतायला लागलं, तर ३३० ची मर्यादा थोडी सैल करता येते. त्यासाठी निदान सहा महिन्यांची वही हवी.

तुमच्या जाहिराती दुसरं कोणी सांभाळत असेल, तर येत्या बुधवारी त्याला पीडीएफ मागू नका. वही घेऊन शेजारी बसा आणि करासकट दर ऑर्डरमागचा खर्च त्याच्याकडून काढून घ्या, प्रत्येक जाहिरातीचा वेगळा.