दोन गटांमधली फट

गाव नकाशाच्या कागदावर दोन शेजारच्या गटांमध्ये बांधाची रेघ एकच असते. स्कॅन केलेल्या नकाशावरून हे गट संगणकात उतरवताना प्रत्येक गट स्वतंत्र काढला, तर तीच रेघ दोनदा गिरवली जाते, आणि दोन्ही वेळा ती नेमकी एकाच जागेवरून जात नाही. १:५००० प्रमाणाच्या नकाशावर ०.२ मिलिमीटरचा फरक जमिनीवर एक मीटर होतो. तीनशे मीटर लांबीच्या बांधावर तो तसाच राहिला, तर सुमारे तीन गुंठ्यांची चिंचोळी पट्टी तयार होते. गट एकमेकांवर चढले असतील तर ही पट्टी दोन्ही गटांच्या क्षेत्रात मोजली जाते, आणि फट पडली असेल तर कोणाच्याच नाही.

डोळ्यांना सहसा न दिसणारे हे दोष टोपोलॉजी तपासणी शोधते. क्यूजीआयएससारख्या प्रणालीत `must not overlap` आणि `must not have gaps` असे नियम गटांच्या थराला लावले की दोषांची यादी मिळते. त्याआधी प्रत्येक आकृतीची सीमा स्वतःलाच छेदत नाही ना, हे पाहावे लागते. नाहीतर पुढच्या निकालावर विसंबता येत नाही.

यादीतला प्रत्येक दोष खरा नसतो. पाणंद, ओढा किंवा गावरस्ता यांना गट क्रमांक नसेल आणि त्यांची आकृतीही काढलेली नसेल, तर तिथेही फटच दिसते. आकार पाहिला की बराच उलगडा होतो. तीनशे चौरस मीटरच्या चौरसाची परिमिती सुमारे ६९ मीटर असते. एक मीटर रुंद पट्टीची मात्र ६०२ मीटर. असा लांबट तुकडा बहुधा गिरवण्यातली चूक असते. पण अरुंद पाणंदही लांबटच, म्हणून मूळ नकाशा उघडून पाहण्याला पर्याय नाही.

सर्वांत सोपा उपाय इथेच घातक ठरतो. जवळचे बिंदू आपोआप जुळवण्याची मर्यादा पाच मीटर ठेवली, तर तीन मीटरच्या पाणंदीचे दोन्ही काठ एकमेकांना चिकटतात आणि वाट नकाशावरून नाहीशी होते. मर्यादा मीटरभराच्या आत ठेवून उरलेले दोष हाताने सुधारणे बरे. त्यासाठी सामाईक सीमा एकत्र हलवणारी सोय चालू करून, दोन्ही गटांचे बिंदू स्कॅनमधल्या रेघेवर आणायचे. तिसऱ्या गटाचा बांध जिथे येऊन मिळतो, तिथे समोरच्या गटाच्या सीमेवरही बिंदू हवा. तो नसेल तर नकाशाची निर्देशांक प्रणाली बदलताना बारीक फट पुन्हा उघडू शकते.

दुरुस्तीनंतर तपासणी पुन्हा चालवतात आणि प्रत्येक गटाचे क्षेत्र सातबाऱ्यावरच्या क्षेत्राशी ताडतात. यादी रिकामी झाली म्हणजे गट एकमेकांना नीट भिडले, एवढेच कळते. एका बांधाची सामाईक रेघ दहा मीटर सरकलेली असली, तरी टोपोलॉजी गप्पच राहते. ती चूक क्षेत्राच्या तफावतीतून किंवा प्रत्यक्ष मोजणीतूनच उघड होते.