कोबी, सोयाबीन आणि थायरॉईड : प्रश्न आणि उत्तरे

थायरॉईडचा रिपोर्ट घरात आला की पहिली गदा येते ती कोबीवर. मग फ्लॉवर, मुळा, सोयाबीन, बाजरी अशी बंदीची यादी वाढत जाते. गृहिणी मात्र गोंधळून जाते. या विषयावर आमच्या भगिनी नेहमी विचारतात ते प्रश्न आम्ही येथे घेतले आहेत.

प्रश्न : कोबीवर हा ठपका आला कुठून?

उत्तर : १९२८ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे संशोधकांनी प्रयोगासाठी पाळलेल्या सशांच्या गळ्याला गाठी आल्याचे पाहिले. हे ससे मुख्यतः कोबीच खात होते. पुढे कारण समजले. कोबी, फ्लॉवर, मुळा आणि मोहरी यांत काही गंधकयुक्त पदार्थ असतात. भाजी कच्ची चिरली किंवा चावली की त्यांपासून जी द्रव्ये तयार होतात, ती थायरॉईड ग्रंथीच्या आयोडीन वापरण्यात अडथळा आणतात. म्हणजे गोष्ट खोटी नाही. प्रश्न आहे तो किती खाल्ले याचा.

प्रश्न : मग किती खाल्ले तर अपाय होतो?

उत्तर : २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ८८ वर्षांच्या एका वृद्धेची हकीकत प्रसिद्ध केली. ती कित्येक महिने दररोज एक ते दीड किलो कच्ची चिनी कोबी (बोक चॉय) खात होती. तिचा थायरॉईड इतका मंदावला की ती बेशुद्धीच्या अवस्थेला पोहोचली. याउलट, कोबीच्याच जातीची भाजी शिजवून रोज १५० ग्रॅम, चार आठवडे खाणाऱ्या निरोगी माणसांच्या थायरॉईडमध्ये काहीच फरक पडला नाही. शिजवल्याने ही द्रव्ये तयार करणारा घटक बराचसा निकामी होतो. तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा कोबीची भाजी किंवा जेवणासोबत थोडी कोशिंबीर खायला हरकत नाही. रोज पेलाभर कच्च्या कोबीचा रस पिण्याचे फॅड मात्र टाळावे.

प्रश्न : सोयाबीन आणि बाजरीचे काय?

उत्तर : पूर्वी सोयाच्या दुधावर वाढवलेल्या काही तान्ह्या मुलांना गलगंड झाला होता. त्या दुधात आयोडीन मिसळू लागल्यावर ही तक्रार थांबली. मोठ्या माणसांवरील अनेक चाचण्यांत सोयाबीनमुळे थायरॉईडचे हार्मोन कमी झालेले आढळले नाहीत. टीएसएच अगदी किंचित वाढलेला दिसला. बाजरीचा संबंध सुदानच्या दारफुर भागातील गलगंडाशी जोडला गेला, पण तेथे बाजरी हेच मुख्य अन्न होते आणि आयोडीनचीही कमतरता होती. आपल्याकडे भाकरी बंद करण्यापेक्षा मिठाचे पाकीट पाहावे. घरात फक्त सैंधव किंवा साधे खडे मीठ वापरत असाल, तर आयोडीनयुक्त मीठ आणावे.

प्रश्न : पथ्य पाळूनही टीएसएच खाली का येत नाही?

उत्तर : एक उदाहरण घेऊ. समजा, एक भगिनी रोज ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेते. कोबी बंद करून सहा महिने झाले, तरी टीएसएच ९. तिचा सकाळचा क्रम पाहिला तर सात वाजता गोळी दुधाच्या चहाबरोबर, आणि नाश्त्यानंतर लगेच कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या. दोष कोबीचा नाही. चहा-कॉफी, सोयाचे पदार्थ, कॅल्शियम आणि लोह ही गोळी आतड्यांत नीट शोषू देत नाहीत.

तिने गोळी उपाशीपोटी, फक्त पाण्याबरोबर घ्यावी. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने घ्यावा. कॅल्शियम व लोह यांत चार तासांचे अंतर ठेवावे. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. मात्र आधी टीएसएच उतरेना म्हणून डोस वाढवला गेला असेल, तर वेळ सुधारल्यावर तोच डोस जास्त होऊ शकतो. छातीत धडधड, हाताला कंप किंवा वजनात घट दिसली, तर आठ आठवडे न थांबता डॉक्टरांना भेटावे.

प्रश्न : रमजानमध्ये गोळी कधी घ्यावी?

उत्तर : दोन वेळा सोयीच्या आहेत. एक, सहरीच्या अर्धा ते एक तास आधी. दुसरी, रात्री झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर किमान तीन तासांनी. जी वेळ महिनाभर निभेल तीच धरावी. इफ्तारच्या खजूर-सरबताबरोबर गोळी घेतल्यास ती नीट लागू पडत नाही.

प्रश्न : मग या भाज्यांबाबत सावध कोणी राहावे?

उत्तर : ज्यांच्या जेवणात आयोडीन कमी आहे त्यांनी, आणि गरोदर स्त्रियांनी, कारण गरोदरपणात आयोडीनची गरज रोज १५० वरून सुमारे २५० मायक्रोग्रॅमवर जाते. आयोडीन पुरेसे मिळते तेथे थायरॉईड मंदावण्याचे नेहमीचे कारण हाशिमोटो हा आजार असतो. त्यात शरीराची संरक्षणशक्ती आपल्याच ग्रंथीवर हल्ला करते. तो कोबीने होत नाही आणि कोबी सोडल्याने बराही होत नाही. म्हणून भाजी बंद केली म्हणून गोळी बंद करू नये.